नेटवर्क नसताना घेतलेल्या जीएनएसएस नोंदी नंतर कशा सुधाराव्यात : पानशेतजवळच्या एका मोजणीचे उदाहरण

पुण्यातून पश्चिमेला मोजणीसाठी गेले की खडकवासल्यापर्यंत मोबाईलचे नेटवर्क बऱ्यापैकी साथ देते, पण पानशेतच्या पुढे जलाशयाच्या कडेने आत शिरल्यावर डोंगराच्या आडोशाला ते कधी जाईल याचा नेम नसतो. जीएनएसएस म्हणजे जीपीएससारख्या उपग्रह समूहांवरून स्थान काढण्याची पद्धत. तिच्यात मोबाईल इंटरनेटवरून मिळणाऱ्या थेट दुरुस्त्यांवर चालणारा रोव्हर, म्हणजे मोजायच्या बिंदूवर नेला जाणारा रिसीव्हर, अशा ठिकाणी काही सेकंदांत फिक्स, म्हणजे सेंटीमीटरपर्यंतचे पक्के उत्तर, सोडतो आणि मग पडद्यावर दिसणारे स्थान मीटर-दोन मीटरने हलू लागते. तेवढ्यासाठी मोजणी अर्धवट टाकून परत येण्याची गरज नसते. रिसीव्हरने उपग्रहांची कच्ची निरीक्षणे साठवली असतील आणि त्याच वेळी आसपासच्या, ज्याचे स्थान माहीत आहे अशा एखाद्या स्थिर बेस स्टेशननेही ती साठवली असतील, तर दोन्ही फाइली घरी आणून तेच गणित संगणकावर सावकाश करता येते. हा लेख ते काम पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी आहे.

उदाहरण असे धरू. पानशेतच्या पाणलोटात एका शेताचे चार कोपरे मोजायचे आहेत. हाताशी दोन वारंवारितांवर चालणारा एकच रोव्हर आहे, उदाहरणार्थ यू-ब्लॉक्सचा एफ९पी हा चिप बसवलेला. बेस म्हणून कोथरूडमधल्या एका इमारतीच्या गच्चीवर कायमचा बसवलेला तसाच रिसीव्हर आहे. दोघांमधले सरळ रेषेतले अंतर, म्हणजे बेसलाइन, सुमारे २४ किलोमीटर आहे. स्वतःचा बेस नसेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या सीओआरएस या कायम चालू असलेल्या बेस स्टेशनांच्या जाळ्यातील जवळच्या स्थानकाची फाइल घेता येते. त्यासाठी विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. पुढच्या पायऱ्या दोन्ही प्रकारांना लागू आहेत, जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

हे शक्य का होते

एकट्या रिसीव्हरच्या स्थानात जी चूक असते तिचा मोठा भाग उपग्रहांच्या घड्याळांतून, त्यांच्या कक्षांच्या अंदाजातून आणि वातावरणातून सिग्नलला होणाऱ्या विलंबातून येतो. चोवीस किलोमीटरवर बसलेल्या दुसऱ्या रिसीव्हरलाही जवळपास तेवढीच चूक अनुभवाला येते, म्हणून दोघांच्या निरीक्षणांची वजाबाकी केली की ती बहुतांशी निघून जाते. कक्षेचेच पाहा. उपग्रहाने प्रक्षेपित केलेल्या कक्षेत दोन मीटरची चूक असली तरी उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर दूर असल्याने चोवीस किलोमीटरच्या बेसलाइनवर तिचा परिणाम दोन-अडीच मिलिमीटरच उरतो. त्यामुळे या कामासाठी अचूक कक्षांच्या वेगळ्या फाइली शोधत बसू नये.

वजाबाकीनंतर उरतो तो वाहक लहरीच्या मोजणीचा प्रश्न. रिसीव्हर लहरीचा अपूर्णांक मिलिमीटरच्या नेमकेपणाने मोजतो, पण उपग्रहापासून आपल्यापर्यंत पूर्ण लहरी किती आल्या हे त्याला ठाऊक नसते. ती पूर्णांक संख्या सापडली की उत्तराला फिक्स म्हणतात, आणि ती अपूर्णांकातच तरंगत राहिली की फ्लोट. एल१ लहरीची लांबी सुमारे १९ सेंटीमीटर आहे. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे चूक ओळखताना तो कामाला येतो.

शेतावर जाण्यापूर्वी : नोंद कच्चीच हवी

नवख्या माणसाची सर्वांत महाग चूक येथे होते. पुष्कळ ॲप आणि लॉगर डीफॉल्टने एनएमईए ओळी साठवतात. त्या ओळींत रिसीव्हरने काढलेले तयार स्थान असते, त्यामागची निरीक्षणे नसतात, आणि तयार स्थानावर नंतर कोणतीही प्रक्रिया करून ते सेंटीमीटरवर आणता येत नाही. यू-ब्लॉक्सच्या रिसीव्हरमध्ये `UBX-RXM-RAWX` आणि `UBX-RXM-SFRBX` हे दोन संदेश चालू असले पाहिजेत. पहिल्यात निरीक्षणे असतात आणि दुसऱ्यात उपग्रहांनी पाठवलेला कक्षेचा डेटा. सेकंदाला एक नोंद पुरेशी आहे. अशी फाइल तासाला साधारण पाच-सहा एमबी होते, त्यामुळे दोन तासांनंतरही फाइल काही केबीचीच असेल तर तिथेच शंका घ्यावी. सेकंदाला पाच-दहा नोंदी घेण्याचा मोह टाळावा. स्थिर बिंदूला त्याचा लाभ नाही, आणि सिरियल पोर्टचा वेग कमी ठेवला असेल तर नोंदी मधेमधे गळतात.

बेसच्या बाबतीत दोन गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात : तो त्या दिवशी चालू राहणार आहे का, आणि त्याची फाइल किती सेकंदांच्या अंतराने मिळते. स्थिर बिंदूंसाठी ३० सेकंदांची फाइलही चालते. ड्रोन किंवा चालती गाडी असेल तर मात्र एक सेकंदाची फाइल लागते.

शेतावर : वेळ, उंची आणि वही

एका कोपऱ्यावर किती वेळ उभे राहायचे याचा माझा ठोकताळा असा आहे : वीस मिनिटे, आणि बेसलाइनच्या प्रत्येक किलोमीटरमागे आणखी एक मिनिट. म्हणजे येथे पाऊण तास. आकाश मोकळे असेल तर फिक्स त्याच्या बऱ्याच आधी लागतो. उरलेला वेळ फिक्ससाठी नसून त्याची पडताळणी करण्यासाठी असतो, हे पुढे स्पष्ट होईल.

चार कोपऱ्यांना पाऊण तासाप्रमाणे सगळी सकाळ जाते. दोन रिसीव्हर बरोबर असतील तर यापेक्षा चांगला मार्ग आहे. एक शेतातच मोकळ्या जागी तिपाईवर सगळा वेळ चालू ठेवावा आणि दुसरा प्रत्येक कोपऱ्यावर दहा-दहा मिनिटे फिरवावा. कोथरूडपासूनची लांब बेसलाइन मग एकदाच सोडवावी लागते, तीही तीन-चार तासांच्या भरपूर नोंदींवर, आणि कोपरे दोन-तीनशे मीटरच्या आखूड बेसलाइनवर सुटतात. ज्याला हे काम वारंवार करायचे आहे त्याने महागडा रोव्हर घेण्यापेक्षा दोन साधे घ्यावेत, असे माझे मत आहे.

अँटेनाची उंची हा आकडा घरी बसून पुन्हा मिळवता येत नाही. जमिनीवरच्या खुणेपासून अँटेनाच्या तळापर्यंतचे उभे अंतर मोजावे, तिरपे नव्हे, आणि ते सुरुवातीला व शेवटी अशा दोन्ही वेळा मोजावे. दोन मीटरचा ठरावीक दांडा वापरला तर प्रश्नच मिटतो, मात्र तो हाताने धरून ठेवू नये, दोन पायांच्या आधाराने बुडबुडा मध्यात ठेवून उभा करावा. बेसला आणि रोव्हरला एकाच बनावटीच्या अँटेना असतील तर दोन्हींवरची उत्तरखूण उत्तरेकडे करावी. अँटेना प्रत्यक्षात जिथे सिग्नल घेते तो बिंदू तिच्या तळापासून काही सेंटीमीटर वर असतो. दोन्ही अँटेना सारख्या असतील आणि सारख्या दिशेने बसवल्या असतील तर हा फरक वजाबाकीत निघून जातो.

वहीत प्रत्येक कोपऱ्याचे नाव, दांडा स्थिर झाल्याची वेळ, उचलण्याची वेळ, उंची आणि आजूबाजूला झाड, भिंत किंवा विजेची तार काय आहे ते लिहावे. रिसीव्हर मधे बंद करू नये. कोपरे नंतर वेळेवरून वेगळे काढता येतात.

वेळ निवडायची मुभा असेल तर सकाळ निवडावी. महाराष्ट्र विषुववृत्तीय आयनांबराच्या प्रभावाखाली येतो आणि सूर्यास्तानंतरच्या काही तासांत, विशेषतः मार्च-एप्रिल व सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, सिग्नल थरथरतात आणि लहरींची मोजणी वारंवार तुटते. संध्याकाळी उरकू म्हणून ठेवलेला शेवटचा कोपरा बहुधा याच कारणाने फिक्स देत नाही.

घरी : फाइली एका वेळेवर आणणे

गणितासाठी आरटीकेलिब हा संच पुरेसा आहे. टोमोजी ताकासू या जपानी संशोधकाने तो लिहिला, तो मोफत आहे, आणि त्याची पुढे सुधारलेली डेमो५ ही आवृत्ती एफ९पीसारख्या स्वस्त रिसीव्हरांसाठी अधिक चांगली चालते. प्रथम रोव्हरची फाइल रिनेक्स या सर्वमान्य स्वरूपात बदलावी.

```
convbin -r ubx -v 3.04 -od -os -o rover.obs -n rover.nav rover.ubx
```

यातून निरीक्षणांची `rover.obs` आणि कक्षांची `rover.nav` अशा दोन फाइली मिळतात. बेसची फाइल सीओआरएसची असेल तर ती बहुधा दुहेरी दाबलेली असते. `.gz` उलगडल्यावर आत `.crx` निघाली तर तिला `CRX2RNX` या छोट्या प्रोग्रामने साध्या रिनेक्समध्ये आणावे लागते. ही पायरी विसरली की आरटीकेलिब काहीही न बोलता रिकामे उत्तर देतो.

रिकाम्या उत्तराचे दुसरे कारण वेळ. रिनेक्समधली वेळ भारतीय नसते, जीपीएसची असते. ती यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे आणि आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे, १८ सेकंद कमी. समजा १४ फेब्रुवारी २०२५ रोजी पहिल्या कोपऱ्यावर, त्याला अ म्हणू, आपण सकाळी ७.१० ते ७.५५ उभे होतो. फाइलीत ही वेळ ०१:४०:१८ ते ०२:२५:१८ अशी दिसेल. बेसच्या फाइलींची नावे वर्ष आणि वर्षातला दिवस यांवरून पडतात. १४ फेब्रुवारी हा ४५वा दिवस, म्हणून नावात `2025045` असे काहीतरी शोधावे. त्यातही एक खुबी आहे. जीपीएसचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो, त्यामुळे पहाटे पाचला काम सुरू केले असेल तर पहिला अर्धा तास आदल्या दिवसाच्या फाइलीत जातो आणि दोन्ही फाइली लागतात.

दोन्ही `.obs` फाइली साध्या मजकूर-संपादकात उघडून शीर्षभागातील `TIME OF FIRST OBS` ही ओळ पाहावी, आणि शेवटची नोंद कोणत्या वेळेची आहे तेही पाहावे. कोपऱ्याची पूर्ण वेळ दोन्हींत असेल तरच पुढे जावे.

बेसचे स्थान : सगळे यावर उभे आहे

या पद्धतीने मिळणारे उत्तर बेसच्या सापेक्ष असते. बेसचे स्थान दोन मीटर पूर्वेला सरकलेले दिले, तर चारही कोपरे तितकेच पूर्वेला सरकतात. शेताचा आकार आणि क्षेत्रफळ बरोबर येते, फिक्सही निर्दोष दिसतो, फक्त शेत नकाशावर भलत्या जागी बसते. आतून ही चूक कोणत्याही आकड्यात दिसत नाही, म्हणून ती आधीच टाळावी लागते.

रिनेक्सच्या शीर्षभागात `APPROX POSITION XYZ` अशी ओळ असते. नावातच ती अंदाजे असल्याचे म्हटले आहे. सीओआरएसच्या फाइलीत ती कधी नेमकी असते, कधी नसते, आणि स्वतःच्या गच्चीवरच्या रिसीव्हरच्या फाइलीत तर ती हमखास काही मीटरने चुकलेली असते. सीओआरएससाठी त्या स्थानकाचे प्रसिद्ध केलेले निर्देशांकच वापरावेत. गच्चीवरच्या बेससाठी चोवीस तासांची फाइल घेऊन तिचे स्थान सीओआरएसच्या सापेक्ष एकदा नीट काढून ठेवावे. किंवा कॅनडा सरकारच्या सीएसआरएस-पीपीपी या मोफत सेवेला ती फाइल पाठवावी, ती बेसची मदत न घेता काही सेंटीमीटरपर्यंतचे स्थान कळवते.

मात्र दोन ठिकाणांहून आलेली स्थाने मिसळताना वर्षाचा विचार करावा लागतो. भारतीय भूपट्ट दरवर्षी सुमारे पाच सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतो. दहा वर्षांपूर्वीच्या तारखेसाठी दिलेले निर्देशांक आणि आजच्या तारखेसाठी काढलेले निर्देशांक यांत त्यामुळे अर्ध्या मीटरचा फरक पडतो, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. बेसच्या निर्देशांकांशेजारी ते कोणत्या संदर्भचौकटीत आणि कोणत्या तारखेसाठी आहेत हे लिहून ठेवले नाही, तर पुढच्या वर्षी त्याच शेतावर गेल्यावर कोपरे का हलले याचा उलगडा होत नाही.

गणित

आता `panshet.conf` नावाची फाइल करावी. त्यातल्या महत्त्वाच्या ओळी अशा आहेत. बेसचे आकडे नमुन्याचे आहेत, तिथे आपले घालावेत.

```
pos1-posmode   =static
pos1-frequency =l1+l2
pos1-soltype   =forward
pos1-elmask    =15
pos1-navsys    =9
pos2-armode    =continuous
pos2-gloarmode =off
pos2-arthres   =3
ant1-antdelu   =2.000
ant2-postype   =llh
ant2-pos1      =18.507123456
ant2-pos2      =73.807234567
ant2-pos3      =518.432
```

`navsys` मधले ९ म्हणजे जीपीएस आणि गॅलिलिओ. ग्लोनास मुद्दाम बाहेर ठेवला आहे, कारण त्याचे प्रत्येक उपग्रह वेगळ्या वारंवारितेवर चालतात आणि बेस व रोव्हर वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर त्यातून फिक्स बिघडतो. आधी दोनच समूहांवर उत्तर मिळवावे, उपग्रह कमी पडले तरच पुढे वाढवावे. `elmask` क्षितिजापासून १५ अंशांखालचे उपग्रह टाकून देतो. पानशेतच्या खोऱ्यात डोंगरच तेवढे आकाश झाकतात, तरी तो ठेवावा. `ant1-antdelu` ही रोव्हरच्या अँटेनाची उंची, म्हणजे दोन मीटरचा दांडा. येथे एक गोम आहे. `ant1-anttype` समोर `*` लिहिले तर प्रोग्राम ही उंची रिनेक्सच्या शीर्षभागातून घेतो आणि आपण लिहिलेली दुर्लक्षितो, मग सगळे कोपरे बरोबर दोन मीटर उंच येतात. आपल्या उदाहरणात ती ओळ रिकामी सोडावी. बेस सीओआरएसचा असेल तर मात्र त्याच्या अँटेनाचे नाव आणि `igs20.atx` ही अँटेना-दुरुस्त्यांची फाइल द्यावीच लागते, नाहीतर उंचीत दहा सेंटीमीटरच्या आसपास चूक राहू शकते.

नंतर अ कोपऱ्यासाठी ही आज्ञा द्यावी.

```
rnx2rtkp -k panshet.conf -ts 2025/02/14 01:41:00 -te 2025/02/14 02:25:00 -o A.pos rover.obs base.obs rover.nav
```

फाइलींचा क्रम महत्त्वाचा आहे : आधी रोव्हर, मग बेस. उलट दिले तर कोथरूडची गच्ची पानशेतच्या सापेक्ष निघते. सुरुवातीची पाऊण मिनिट मुद्दाम वगळली आहे. `static` म्हणजे अँटेना हललेली नाही असे आपण प्रोग्रामला सांगतो, त्यामुळे चालत असतानाचे काही सेकंद जरी यात शिरले तरी उत्तर बिघडते. चार कोपऱ्यांसाठी आज्ञा चार वेळा द्यावी, फक्त वेळ आणि फाइलीचे नाव बदलून.

उत्तर वाचणे

`A.pos` च्या प्रत्येक ओळीत वेळ, अक्षांश, रेखांश, उंची, मग `Q`, उपग्रहांची संख्या `ns`, प्रमाण-विचलनाचे स्तंभ आणि अगदी शेवटी `ratio` असतो. `Q` मध्ये १ म्हणजे फिक्स, २ म्हणजे फ्लोट, ५ म्हणजे बेसचा उपयोगच झाला नाही. स्थिर मोजणीत ओळी पुढे जातील तसे उत्तर पक्के होत जाते, म्हणून शेवटची ओळ पाहावी. सगळीकडे ५ दिसले तर वेळ जुळलेली नाही किंवा बेसची फाइल वाचलीच गेली नाही. `ratio` हा पूर्णांकांची सर्वोत्तम जोडी दुसऱ्या क्रमांकाच्या जोडीपेक्षा किती पटीने चांगली बसते हे सांगतो, आणि तो ३ च्या वर गेला की प्रोग्राम १ लिहितो.

विचलनाच्या स्तंभांवर विश्वास टाकू नये. स्थिर मोजणीत ते एक-दोन मिलिमीटर दाखवतात, कारण प्रोग्राम प्रत्येक सेकंदाची चूक स्वतंत्र मानतो. प्रत्यक्षात डोंगरावरून किंवा पाण्यावरून परावर्तित झालेल्या सिग्नलची चूक कित्येक मिनिटे सारखीच टिकते. रिसीव्हरची घोषित अचूकता एक सेंटीमीटर अधिक किलोमीटरमागे एक मिलिमीटर असते, म्हणजे चोवीस किलोमीटरवर आडवे साडेतीन सेंटीमीटर. उंचीत त्याच्या दीड-दोन पट धरावे. खोऱ्यातली दमट हवा कोथरूडच्या हवेसारखी नसल्याने आणि दोन्ही जागांच्या उंचीतही फरक असल्याने पावसाळ्यात उंची आणखी डळमळते.

खरी पडताळणी अशी करावी. `-ts` आणि `-te` बदलून पाऊण तासाचे दोन तुकडे करावेत आणि दोन्हींची उत्तरे वेगवेगळी काढावीत. समजा अ कोपऱ्याच्या दोन उत्तरांत अक्षांशाचा फरक ०.०००००००९ अंश आणि रेखांशाचा ०.००००००१२ अंश आला. या भागात एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे ११०.७ किलोमीटर आणि एक अंश रेखांश म्हणजे सुमारे १०५.६ किलोमीटर, तेव्हा हे फरक एक सेंटीमीटर आणि सव्वा सेंटीमीटर झाले. उंचीत तीन सेंटीमीटरचा फरक असेल तर अ कोपरा स्वीकारावा.

आता क कोपरा घेऊ, जिथे वहीत बांधावर आंब्याचे झाड असल्याची नोंद आहे. पूर्ण वेळेचे उत्तर `Q` १ दाखवते, `ratio` ३.४. दोन तुकडे केल्यावर मात्र आडवा फरक १९ सेंटीमीटर आणि उंचीतला ४० सेंटीमीटर येतो. दोन्ही तुकड्यांत फिक्स आहे, म्हणजे किमान एक खोटा आहे. पानांमुळे लहरींची मोजणी तुटली आणि प्रोग्रामने एखाद्या उपग्रहाची एक लहर कमी-जास्त धरली. एका लहरीच्या आसपासचा फरक ही त्याची ठरलेली खूण आहे. खरा फिक्स असेल तर `ratio` बहुधा वेळेबरोबर चढत जाऊन वीस-तीसच्या वर स्थिरावतो, खोट्याचा तीन-चारपाशीच घुटमळतो. अर्थात दोन तुकड्यांचे जुळणे हा त्याहून भरवशाचा पुरावा आहे.

अशा वेळी `RTKPLOT` मध्ये रोव्हरची निरीक्षणे उघडावीत. ज्या उपग्रहाची रेघ वारंवार तुटते आणि सिग्नलची ताकद खालीवर होते, तो `pos1-exclsats` समोर लिहून बाद करावा, किंवा कोनमर्यादा २० अंशांवर न्यावी, आणि तुकडे पुन्हा करावेत. ते जुळले तर ठीक. दोन-तीन बदलांनंतरही जुळले नाहीत तर तिथे थांबावे, कारण पर्याय फिरवत राहिले की केव्हातरी `Q` १ मिळतोच, पण ते आपल्याला हवे म्हणून मिळालेले उत्तर असते. झाडाखालच्या कोपऱ्याला खरा उपाय शेतावरच असतो : बांधाच्या रेषेत झाडापासून दूर दोन बिंदू घ्यावेत आणि त्यांच्यापासून कोपऱ्यापर्यंतचे अंतर टेपने मोजावे.

टेपचा आणखी एक उपयोग आहे. अ आणि ब कोपऱ्यांमधले अंतर टेपने ६२.४० मीटर भरले आणि निर्देशांकांवरून ६२.३८ आले, तर दोन्ही कोपरे एकमेकांच्या सापेक्ष बरोबर आहेत. येथे दोन सेंटीमीटरची तूट पाहून दचकू नये. निर्देशांक यूटीएम या नकाशा-प्रक्षेपणाच्या ४३ उत्तर विभागात नेले असतील तर पानशेतजवळ नकाशावरचे अंतर जमिनीवरच्या अंतरापेक्षा किलोमीटरला सुमारे वीस-बावीस सेंटीमीटर कमी भरते. बासष्ट मीटरला सुमारे दीड सेंटीमीटर त्यातच जाते. ही पडताळणी बेसच्या स्थानातली चूक मात्र पकडत नाही. त्यासाठी ज्याचे निर्देशांक आधीच माहीत आहेत असा एखादा बिंदू जाता-येता मोजावा.

उंचीचा आकडा आणि नोंद कशी द्यावी

फाइलीत येणारी उंची लंबगोलावरची असते, समुद्रसपाटीपासूनची नसते. पुणे परिसरात ती समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा साठ मीटरहून अधिक कमी असते, त्यामुळे धरणाच्या पाणीपातळीशी किंवा टोपोशीटशी तुलना केल्यावर शेत पाण्याखाली गेल्यासारखे दिसते. जिऑइडचे, म्हणजे समुद्रसपाटीच्या पृष्ठाचे, प्रारूप वापरून ती बदलावी आणि कोणते प्रारूप वापरले ते लिहावे. शेजारच्या दोन बिंदूंमधला चढ-उतारच हवा असेल तर हा बदल न करताही चालतो.

शेवटचा ड कोपरा उभ्या कड्याच्या पायथ्याशी आहे असे समजू. तिथे अर्धे आकाश झाकलेले, आणि दोन्ही तुकडे फ्लोटच राहिले, आपसांत ३० सेंटीमीटरचा फरक ठेवून. तो आकडा फेकून देऊ नये आणि इतर तिघांच्या रांगेत निमूटपणे बसवूही नये. तक्त्यात प्रत्येक कोपऱ्यापुढे फिक्स की फ्लोट, दोन तुकड्यांतला फरक, अँटेनाची उंची, बेसचे वापरलेले निर्देशांक आणि त्यांची तारीख असे स्तंभ ठेवावेत, आणि ड च्या पुढे ‘फ्लोट, आडवे अर्धा मीटर धरावे’ असे स्पष्ट लिहावे. ज्याच्यासाठी मोजणी केली त्याला हेही सांगावे की कायदेशीर हद्द भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीनेच ठरते. `rover.ubx`, बेसची मूळ फाइल, `panshet.conf` आणि वहीच्या पानाचा फोटो एकाच फोल्डरमध्ये ठेवावा. बेसचे स्थान पुढे कधी सुधारले, तर शेतावर न जाता तीच आज्ञा नव्या आकड्यांनी पुन्हा देता येते.